चुनखडीवर बांधण्याआधी: पोकळी दगडात असते, पण खचते ती माती

रस्त्याच्या मधोमध अचानक गोल खड्डा पडतो आणि उभी गाडी त्यात नाहीशी होते, अशी दृश्ये आपण बातम्यांत पाहतो. 8 मे 1981 रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात विंटर पार्क या गावी असाच एक खड्डा पडू लागला. तो वाढत वाढत शंभर मीटरपेक्षा रुंद झाला. त्यात एक घर गेले, शेजारच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या मोटारी गेल्या आणि सार्वजनिक पोहण्याच्या तलावाचा एक भागही गेला. आज तिथे तळे आहे. अशा बातमीनंतर प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येतो: बांधण्याआधी कुणी जमीन तपासली नव्हती का?

त्याचे उत्तर नुसते हो किंवा नाही असे देता येत नाही. चुनखडीच्या भागात जमीन "तपासली" तरी धोका सुटून जाऊ शकतो, आणि तो का सुटतो हे समजले की तपासणी कशी आखायची हेही समजते. या लेखात तेवढेच पाहू.

एक गोष्ट आधीच सांगतो. रस्त्यावर पडणारा प्रत्येक खड्डा चुनखडीमुळे पडत नाही. शहरांत कित्येकदा फुटलेली सांडपाण्याची वाहिनी आजूबाजूची माती वाहून नेते आणि वरचा रस्ता बसतो. ग्वाटेमाला सिटीत 2010 साली पडलेला प्रसिद्ध खड्डा ज्वालामुखीच्या सैल राखेच्या थरात पडला होता, तिथे चुनखडी नव्हती. आपण इथे बोलणार आहोत ते खऱ्याखुऱ्या चुनखडीच्या जमिनीबद्दल.

दगडात पोकळी येते कुठून?

पावसाचे पाणी हवेतून थोडा आणि मातीतून बराच कार्बन डायऑक्साइड घेते. त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होते. बहुतेक खडकांना या सौम्य आम्लाने फारसा फरक पडत नाही, पण चुनखडी त्यात विरघळते. पाणी आधी खडकातल्या फटींतून जाते आणि फट थोडी रुंद होते. रुंद फटीतून जास्त पाणी जाते, म्हणून ती आणखी रुंद होते. लाखो वर्षांत अशा फटींच्या नळ्या होतात, नळ्यांच्या गुहा होतात. विरघळून अशी पोखरलेली जमीन म्हणजे कार्स्ट. जमिनीचा पृष्ठभाग खचून जो खळगा किंवा खड्डा तयार होतो, त्याला सिंकहोल म्हणतात. हे दोनच शब्द लेखभर पुरतील.

आता वेगाकडे लक्ष द्या, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. चुनखडीचा पृष्ठभाग साधारणपणे हजार वर्षांत काही सेंटिमीटर झिजतो. इमारतीचे आयुष्य शंभर वर्षे धरले, तर तेवढ्या काळात दगड काही मिलिमीटरच विरघळणार. म्हणजे आज भक्कम असलेले गुहेचे छत आपल्या हयातीत विरघळून पातळ होत नाही. (जिप्सम आणि मीठ यांची गोष्ट वेगळी आहे. ते कितीतरी झपाट्याने विरघळतात.)

दगड इतका हळू बदलतो, तर मग खड्डा एका रात्रीत कसा पडतो?

दगड तसाच राहतो, माती निसटते

बहुतेक ठिकाणी चुनखडी उघडी नसते. तिच्यावर काही मीटर चिकणमाती किंवा वाळूमिश्रित माती असते. मातीखाली दगडाचा माथा सपाट नसतो. तो दातांसारखा असतो: मध्ये मध्ये उंच सुळके आणि त्यांच्यामधल्या खाचांत हिरडीसारखी भरलेली माती. दोन मीटर अंतरावर दोन ठिकाणी खोदले, तर एका जागी दगड तीन मीटरवर लागतो आणि दुसऱ्या जागी अकरा मीटरवर. काही खाचांच्या तळाला फट असते आणि ती खालच्या गुहेपर्यंत जाते.

नरसाळ्यात ओलसर पीठ भरून पाहा. तोंडाशी असलेले थोडे पीठ खाली पडते, पण वरचे पीठ लगेच येत नाही. ते एकमेकांना धरून कमान करते. वरून पाहिले तर पीठ जसेच्या तसे. नरसाळ्याला हलके टिचकी मारत राहिलात, तर कमानीच्या आतून थोडे थोडे पीठ सुटते, कमान वर वर सरकते आणि शेवटी वरचा पातळ थर एकदम कोसळतो.

जमिनीत हेच होते. वरून मुरणारे पाणी मातीचे कण खाचेच्या तळाच्या फटीतून खाली नेते. दगडाच्या माथ्यावर, मातीच्या आत, छोटी पोकळी तयार होते. ती वर सरकत जाते. चिकणमाती चिवट असल्यामुळे वरचा थर बराच काळ टिकतो आणि पृष्ठभागावर काहीच दिसत नाही. मग एका जोरदार पावसानंतर छत पडते. दगडातली गुहा लाखो वर्षांपूर्वीची होती, पण मातीतली पोकळी कदाचित गेल्या पाच वर्षांतली असते.

गुहेचे दगडी छतच कोसळल्याची उदाहरणेही आहेत. 12 फेब्रुवारी 2014 च्या पहाटे केंटकीतल्या बोलिंग ग्रीन गावात मोटारींच्या एका संग्रहालयाची फरशी खाली गेली आणि आठ गाड्या खड्ड्यात पडल्या. खाली गुहा होती. त्यामुळे दगडी छताचा विचार सोडून देता येत नाही. पण नव्याने पडणाऱ्या खड्ड्यांत मातीच्या निसटण्याचे प्रमाण खूपच मोठे आहे, आणि अनुभवी भूतंत्र अभियंता तपासणी आखताना आधी त्याचाच माग काढतो.

पाणी बदलले की जमीन बदलते

माती निसटण्यासाठी पाणी हलावे लागते. म्हणून सिंकहोलची खरी कळ पाण्याच्या बदलात असते, आणि तो बदल कित्येकदा माणूसच करतो.

पहिला प्रकार वरून येणाऱ्या पाण्याचा. आधी शेतभर पसरून मुरणारा पाऊस आता छपरावरून एका पन्हळीत येतो आणि एकाच कोपऱ्यात सोडला जातो. शोषखड्डा, गळकी पाइपलाइन, अस्तर नसलेले तळे यांचेही तेच. नरसाळ्याला टिचकी मारण्याचे काम हे पाणी रोज करत राहते.

दुसरा प्रकार खालच्या पाण्याचा. भूजल वर असते तेव्हा मातीतली पोकळीही पाण्याने भरलेली असते आणि ते पाणी मातीला उचलून धरते. पाण्यात बुडालेल्या मातीचे परिणामकारक वजन साधारण निम्मे होते. उपसा करून पातळी खाली नेली की हा आधार जातो, कमानीवरचे वजन जवळपास दुप्पट होते, आणि वरचे पाणी खाली जायला वाटही मोकळी होते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या पश्चिमेला सोन्याच्या खोल खाणी कोरड्या ठेवण्यासाठी वरच्या डोलोमाइटमधले पाणी मोठ्या प्रमाणावर उपसले गेले. डोलोमाइट हा चुनखडीचाच भाऊबंद. डिसेंबर 1962 मध्ये वेस्ट ड्रीफोंटेन खाणीवरची खडी फोडण्याची अख्खी इमारत एका सिंकहोलमध्ये गेली आणि 29 माणसे मृत्युमुखी पडली. आज त्या देशात डोलोमाइटच्या जमिनीवर बांधकाम कसे करायचे यासाठी वेगळे राष्ट्रीय मानक आहे, आणि त्यात पाण्याच्या वाहिन्यांना मोठे महत्त्व दिले आहे.

म्हणून चुनखडीवरच्या तपासणीत "खाली पोकळी आहे का?" एवढे विचारून भागत नाही. माती निसटू शकेल अशी वाट आहे का, आणि आपल्या बांधकामाने त्या वाटेला पाणी मिळणार आहे का, हे विचारावे लागते.

"चार-पाच बोअर घेतले की कळेल ना?"

ही पहिली शंका, आणि तिचे उत्तर साध्या हिशेबात आहे.

समजा आपल्याला 40 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद अशी तीन मजली शाळा बांधायची आहे. जागा झाली 1000 चौरस मीटर. समजा खाली कुठेतरी तीन मीटर व्यासाची एक गोल पोकळी आहे. वरून पाहिले तर ती सुमारे 7 चौरस मीटर जागा व्यापते. आपण दर दहा मीटरवर एक बोअर घेतला, म्हणजे प्रत्येक बोअरच्या वाट्याला 100 चौरस मीटर आले. त्या पोकळीत बोअर उतरण्याची शक्यता किती? 100 पैकी 7. म्हणजे 93 टक्के शक्यता अशी, की सगळे बोअर "चांगले" निघतील आणि पोकळी तिथेच राहील.

अंतर पाच मीटर केले तर शक्यता 28 टक्के होते, आणि बोअर लागतात सुमारे 40. तीन मीटर केले तर ती 78 टक्क्यांवर जाते, पण बोअर शंभराहून जास्त होतात. एवढे करूनही पाचात एकदा ती सुटतेच. शिवाय कार्स्टमधल्या कित्येक फटी उभ्या आणि अरुंद असतात. उभा बोअर उभ्या फटीच्या हातभर बाजूने खाली जातो आणि अखंड दगड दाखवतो.

हा हिशेब मी मुद्दाम सविस्तर मांडला, कारण "पाच बोअर घेतले, कुठेच पोकळी नाही" असे वाक्य अहवालात वाचून मालक निश्चिंत होतात. ते वाक्य खरे असते, पण त्यावरून जागा सुरक्षित आहे असे ठरत नाही. बोअर कुठे घ्यायचे हे आधी कळले, तरच थोडे बोअर पुरतात. म्हणून तपासणी टप्प्याटप्प्याने होते आणि प्रत्येक टप्पा पुढच्याला जागा दाखवतो.

यंत्र येण्याआधीचे काम

आपल्या कल्पनेतल्या शाळेचीच गोष्ट पुढे नेऊ.

पहिले दोन आठवडे कागद आणि पाय यांचे. भूशास्त्रीय नकाशावरून खाली चुनखडी आहे हे कळते. जुने नकाशे आणि जुनी हवाई छायाचित्रे त्याहून बोलकी असतात, कारण आज सपाट केलेल्या जमिनीवर पूर्वी खळगे कुठे होते ते त्यांत दिसते. समजा चाळीस वर्षांपूर्वीच्या छायाचित्रात आपल्या जागेच्या पश्चिमेला 60 मीटरवर एक गोल, बशीसारखा खळगा दिसतो. आज तिथे भराव आहे. भराव घातल्याने खळगा दिसेनासा होतो, पण त्याच्या तळाची फट बंद होत नाही. खळगे पुष्कळदा एका ओळीत येतात, कारण ते खालच्या एकाच मोठ्या भेगेवर बसलेले असतात. त्या भेगेची दिशा आपल्या जागेकडे येते का, हे बघायचे.

मग जागेवर चालायचे. झाडे एका बाजूला कलली आहेत का, कुंपणाची रेघ कुठे खाली वाकली आहे का, पावसानंतर एखादे डबके इतरांपेक्षा लवकर आटते का, शेजारच्या घरांच्या भिंतींत पायऱ्यांसारख्या तिरप्या भेगा आहेत का, दारे अलीकडे अडकू लागली आहेत का. जवळपास राहणाऱ्या वयस्कर माणसांना विचारायचे, की इथे कधी जमीन बसली होती का, विहिरीचे पाणी एकाएकी गढूळ झाले होते का. गढूळ पाणी म्हणजे कुठेतरी माती निसटते आहे. हे प्रश्न विचारायला काही खर्च येत नाही, तरीही घाईच्या कामात सगळ्यात आधी हेच गाळले जातात आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

जमिनीत न खोदता डोकावणे

आता भूभौतिक सर्वेक्षण, म्हणजे न खोदता पृष्ठभागावरून घेतलेली मापे. चुनखडीसाठी सर्वांत उपयोगी पडणारी पद्धत विद्युत रोधाची. जमिनीत एका रेषेत खुंट्या ठोकतात, दोन खुंट्यांतून वीज सोडतात आणि इतर खुंट्यांवर विजेचा दाब मोजतात. ओली चिकणमाती वीज सहज जाऊ देते. अखंड चुनखडी अडवते. हवेने भरलेली पोकळी त्याहून अडवते. अशा शेकडो मापांवरून संगणक जमिनीचा उभा छेद काढतो.

यात एक अडचण असते, ती आराखड्यात आधीच धरावी लागते. किती खोल दिसणार ते रेषेच्या लांबीवर ठरते. ढोबळमानाने लांबीच्या पाचव्या हिश्श्याएवढी खोली मिळते. आपली जागा 40 मीटर लांब आहे. तेवढ्यातच रेषा ठेवली तर आठ मीटरच्या खालचे काही दिसणार नाही. दोन मीटर अंतरावर 48 खुंट्या ठोकल्या तर रेषा 94 मीटरची होते आणि सुमारे 18 मीटर खोल दिसते, पण त्यासाठी रेषा दोन्ही बाजूंनी शेजारच्या जमिनीत न्यावी लागते. ही परवानगी आधी घेतली नाही, तर सर्वेक्षण होते पण कामाचे होत नाही.

भूभेदी रडारचे नाव बरेच जण ऐकून असतात. वाळूत आणि कोरड्या दगडात ते छान चालते. ओल्या चिकणमातीत त्याच्या लहरी एक-दोन मीटरमध्येच विरतात, आणि चुनखडीवर बहुधा चिकणमातीच असते. गुरुत्वाकर्षणाचे सूक्ष्म मापन ही आणखी एक पद्धत. पोकळीत वस्तुमान कमी, म्हणून तिच्यावर गुरुत्व किंचित कमी. पण किती किंचित? तीन मीटर व्यासाची रिकामी गोल पोकळी सहा मीटर खोल असेल, तर फरक एक अब्जात सात भागांचा येतो. चांगले उपकरणसुद्धा इथे जेमतेम पोहोचते. मोठ्या गुहेसाठी ही पद्धत चांगली, आपल्या शाळेखालच्या लहान पोकळीसाठी भरवशाची नाही.

समजा आपण विद्युत रोधाच्या चार रेषा घेतल्या, तीन लांबीच्या दिशेने आणि एक आडवी. दोन ठिकाणी चित्र वेगळे आले. पश्चिमेच्या खांबांखाली, तिथल्या जागेला "अ" म्हणू, दगडाचा माथा इंग्रजी "व्ही" अक्षरासारखा खाली गेलेला दिसतो आणि त्यात कमी रोधाची माती आहे. इमारतीच्या मधोमध, "ब" या जागी, 13-14 मीटर खोल दगडाच्या आत जास्त रोधाचा ठिपका आहे.

कोणती जागा घाबरवते? बहुतेकांचे बोट "ब" कडे जाईल. ठिपका गोल आहे, लाल रंगात दाखवला आहे, आणि तो पोकळीसारखा दिसतो.

बोअर काय बोलतात

आता बोअर घ्यायचे, पण अंदाजाने नव्हे. सात बोअर ठरले: "अ" मध्ये दोन उभे आणि एक तिरपा, "ब" वर एक, आणि तीन अशा जागी जिथे सर्वेक्षणाला सगळे ठीक दिसले. हे शेवटचे तीन वाया जातात असे वाटू शकते. पण चित्रातला "चांगला" रंग खरोखर चांगला आहे का, हे तपासल्याशिवाय उरलेल्या चित्रावर विश्वास कसा ठेवणार?

मातीत जाताना ठरावीक अंतरावर एक जुनी, साधी चाचणी करतात. 63.5 किलोचा घण सुमारे 75 सेंटिमीटरवरून पुन्हा पुन्हा टाकतात आणि नमुना घेणारी नळी 30 सेंटिमीटर आत जायला किती घाव लागले ते मोजतात. जास्त घाव म्हणजे घट्ट माती. सर्वसाधारणपणे खोल जाल तसे घाव वाढतात, कारण वरच्या वजनाने खालची माती दाबली गेलेली असते.

"ब" च्या बोअरमध्ये पाच मीटरवर दगड लागला. पुढे 8.2 मीटर अखंड दगड. मग 13.2 मीटरवर ड्रिलचा दांडा एकदम 1.1 मीटर खाली गेला. पोकळी! त्याखाली पुन्हा चांगला दगड. आजूबाजूला आणखी तीन छिद्रे घेतली आणि पोकळी तीन मीटरपेक्षा रुंद नाही असे दिसले. चांगल्या, मजबूत चुनखडीसाठी एक ढोबळ कसोटी वापरतात: पोकळीच्या रुंदीच्या किमान सत्तर टक्के जाडीचे अखंड छत असेल, तर ते नेहमीच्या पायाचे वजन पेलते. तीन मीटरचे सत्तर टक्के म्हणजे 2.1 मीटर. आपल्याकडे छत आहे 8.2 मीटरचे. शिवाय हा दगड हजार वर्षांत काही सेंटिमीटरच झिजणार. "ब" वर शाळा उभी राहू शकते.

"अ" च्या बोअरमध्ये मात्र पोकळी अशी नोंदच नाही. तीन मीटरवर 14 घाव. सहा मीटरवर 9. नऊ मीटरवर 3. साडेदहा मीटरवर तर एकही घाव घालावा लागला नाही. दांडा स्वतःच्या वजनाने 80 सेंटिमीटर खाली बसला. 11.3 मीटरवर दगड लागला आणि ड्रिल करताना जे पाणी वर परत येते, ते येणेच बंद झाले. टाकी रिकामी झाली, पाणी कुठेतरी निघून गेले.

पोकळ्या मोजणारा माणूस "अ" ची नोंद "मऊ चिकणमाती" अशी करून पुढे जाईल. पण वाचता येत असेल तर हा बोअर सगळे सांगतो. खोल जाताना घाव वाढायच्या ऐवजी कमी झाले, म्हणजे खालची माती सैल झाली आहे, तिचे कण निघून चालले आहेत. दगडाच्या माथ्यावरच पाणी नाहीसे झाले, म्हणजे तिथे उघडी वाट आहे. नरसाळ्याचे तोंड इथे आहे आणि कमान वर सरकायला लागली आहे. तिरप्या बोअरने ही फट उत्तर-दक्षिण जाते असेही दाखवले.

ड्रिलिंग करणाऱ्या मिस्त्रीकडून ही माहिती मिळते किंवा हरवते. दांडा कुठे निसटला, पाणी कुठे गेले, वेग कुठे वाढला, हे त्याच वेळी, त्याच मीटरवर लिहायला हवे. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत "10 ते 12 मीटर, मऊ" एवढेच उरते. म्हणून ड्रिलिंग चालू असताना भूशास्त्रज्ञ जागेवर हजर राहील, अशी अट करारात असावी.

"मग त्या खाचेत सिमेंट ओतून टाका!"

ही दुसरी नेहमीची सूचना. पातळ सिमेंट ओतले तर ते जिथे सोपी वाट मिळेल तिथे जाते. खालची गुहा पाण्याच्या जाळ्याला जोडलेली असेल, तर टनावारी सिमेंट जाते आणि खाच भरतच नाही. भरली, तर कधी जुनी पाण्याची वाट बुजते आणि पाणी नवी वाट काढते, शेजारच्या जमिनीतून.

"अ" साठी समंजस पर्याय असे असतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे इमारत पूर्वेकडे सरकवणे. आपल्या नकाशात नऊ मीटर सरकवली तर पश्चिमेची रांग खाचेपासून दूर जाते. आराखडा कागदावर असताना हे करता येते, पाया खणल्यावर नाही. तपासणी लवकर करण्यामागे हे एक मोठे कारण आहे. (सरकवल्यावर पूर्वेकडच्या नव्या जागेची तपासणी अर्थातच करावी लागते.) सरकवणे शक्य नसेल तर खाचेच्या गळ्यात घट्ट, जवळजवळ न वाहणारे सिमेंट-वाळूचे मिश्रण दाबाने भरतात. ते लांब पळत नाही. आहे तिथेच गोळा होऊन फुगते आणि भोवतालची सैल माती आवळते. त्यावर पाया असा करतात, की एखाद्या ठिकाणी तीन-चार मीटर जमीन निघून गेली तरी जाड काँक्रीटची सलग शिळा तेवढे अंतर पेलून धरेल. मग इमारतीला भेगा पडतील, पण ती कोसळणार नाही आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळेल.

शेवटचा टप्पा: प्रत्येक खांबाखाली

पायाचा नकाशा पक्का झाला की मग प्रत्येक खांबाच्या जागी एक छिद्र. समजा खांब 24 आहेत. इथे नमुने काढायची गरज नसते, त्यामुळे झटपट चालणाऱ्या ठोक्याच्या ड्रिलने काम होते. छिद्र दगडात किती खोल न्यायचे? आधीच्या कसोटीवरूनच ठरते. या भागात सात मीटरपेक्षा रुंद गुहा अपेक्षित नसेल, तर त्याचे सत्तर टक्के म्हणजे सुमारे पाच मीटर. तेवढा अखंड दगड मिळाला की त्या खांबाखाली समाधान. चोवीसपैकी दोन-तीन ठिकाणी काहीतरी अनपेक्षित निघतेच. म्हणून अंदाजपत्रकात जास्तीच्या छिद्रांसाठी आणि पायात बदल करण्यासाठी रक्कम आधीच राखून ठेवतात. ती नसली की वाईट निकाल आलेल्या छिद्राकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो.

काम झाल्यावर प्रत्येक छिद्र तळापासून वरपर्यंत सिमेंटच्या मिश्रणाने बंद करायचे. उघडे राहिलेले बोअरहोल म्हणजे पावसाच्या पाण्याला दगडापर्यंत नेणारी तयार नळी. तपासणीच पुढच्या सिंकहोलची सुरुवात ठरू शकते.

"शेजारची घरे पन्नास वर्षे उभी आहेत"

हा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक असतो, कारण तो डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्यावर उभा आहे. पण त्या पन्नास वर्षांत पाण्याची स्थिती तीच होती का? नवी कूपनलिका, नवे पार्किंग, नवा शोषखड्डा यांपैकी काहीही आले, तर जुना पुरावा तेवढा लागू राहत नाही. आणि आपली शाळा स्वतःच मोठा बदल आहे: 1000 चौरस मीटर छप्पर. त्यावर एका तासात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 50 हजार लिटर पाणी होते. पूर्वी ते सगळ्या जागेवर पसरत होते, आता चार कोपऱ्यांत येणार.

म्हणून तपासणीच्या अहवालाचा एक भाग पाण्याचा असतो. छपराचे पाणी बंद नळीतून जागेबाहेर, "अ" पासून दूर न्यायचे. शोषखड्डा नाही. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांना लवचिक सांधे, म्हणजे जमीन थोडी बसली तरी सांधा सुटणार नाही. भिंतीलगत झाडांना रोज पाणी घालायचे वाफे नाहीत. आवारात नवी कूपनलिका घ्यायची तर आधी सल्ला. जमीन बसते आहे का ते कळावे म्हणून "अ" भोवती काही खुणा पक्क्या करायच्या आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर त्यांची पातळी मोजायची.

आणि "अ" ची जागा दाखवणारा नकाशा अभियंत्याच्या कपाटात ठेवायचा नाही, तो शाळेची देखभाल करणाऱ्याकडे द्यायचा. पंधरा वर्षांनी पश्चिमेच्या भिंतीजवळ नळ गळू लागेल, तेव्हा अभियंता तिथे नसेल. पान्हा घेऊन येणाऱ्या माणसाला माहीत हवे, की हा नळ आजच दुरुस्त करायचा आहे, पुढच्या आठवड्यात नाही.